वर्गसमीकरणाचा आलेख: मुळं, शिरोबिंदू, अक्ष आणि विवेचक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दहावी-अकरावीचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि अधूनमधून शिक्षकही जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. शक्य तिथे सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: y = 2x² − 4x − 6. पुढे "आपलं उदाहरण" म्हटलं की हेच समजा. एक कागद घेऊन ते सुरुवातीलाच काढून ठेवलंत तर पुढचं वाचणं सोपं जाईल. कसं काढायचं ते प्रश्न 5 मध्ये आहे.

1. y = ax² + bx + c चा आलेख कसा दिसतो? a, b आणि c पैकी कोण काय ठरवतं?

आलेख म्हणजे पॅराबोला, पुस्तकी शब्दात अन्वस्त. त्याला एक वळणाचा बिंदू असतो, तो शिरोबिंदू. त्या बिंदूतून जाणारी उभी रेषा म्हणजे अक्ष. कागद या रेषेवर दुमडला तर वक्राचे दोन्ही हात एकमेकांवर बसतात. वक्र X-अक्षाला जिथे छेदतो तिथले x म्हणजे ax² + bx + c = 0 ची वास्तव मुळं.

a धन असेल तर हात वर जातात आणि शिरोबिंदू सगळ्यात खाली असतो. a ऋण असेल तर सगळं उलट. c ओळखणं सगळ्यात सोपं: x = 0 ठेवलं की y = c उरतो, म्हणून वक्र Y-अक्षाला c या उंचीवर छेदतो. आपल्या उदाहरणात तो (0, −6) मधून जातो. b चं काम एका वाक्यात सांगण्यासारखं नाही, त्यासाठी प्रश्न 6 पाहा.

2. शिरोबिंदूचा x = −b/2a हे सूत्र पाठ आहे, पण ते येतं कुठून? आणि y काढायला दरवेळी किंमत घालायलाच हवी का?

ते पूर्ण वर्ग करण्यातून येतं. आपल्या उदाहरणावर करून पाहू. पहिल्या दोन पदांतून 2 बाहेर काढा:

y = 2(x² − 2x) − 6

कंसात 1 मिळवला तर (x − 1)² होतो. पण बाहेर 2 असल्यामुळे प्रत्यक्षात 2 मिळवले जातात, म्हणून तेवढेच वजा करायचे:

y = 2(x − 1)² − 2 − 6 = 2(x − 1)² − 8

आता (x − 1)² कधीच ऋण होत नाही. त्याची सगळ्यात लहान किंमत 0, आणि ती x = 1 ला मिळते. तेव्हा y = −8. म्हणून शिरोबिंदू (1, −8) आणि अक्ष x = 1.

इथे बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते: कंसात मिळवलेला 1 बाहेर पुन्हा 1 म्हणूनच वजा केला जातो, बाहेरचा 2 विसरला जातो. मग y = 2(x − 1)² − 7 असं उत्तर येतं. तपासायची सोपी युक्ती म्हणजे x = 0 ठेवणं. c परत मिळाला नाही, तर वर्ग चुकलाय. इथे 2 − 7 = −5 येतात, −6 नाहीत.

हेच a, b, c ठेवून केलं तर मिळतं:

y = a(x + b/2a)² − (b² − 4ac)/4a

या ओळीकडे नीट पाहा. शेवटच्या पदात वर जे आहे ते म्हणजेच विवेचक, Δ = b² − 4ac. म्हणजे शिरोबिंदू आहे (−b/2a, −Δ/4a). विवेचक हा फक्त मुळांच्या सूत्रातल्या वर्गमूळाखालचा आकडा नसून शिरोबिंदूच्या उंचीतही तोच बसलेला आहे. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका गोष्टीतून निघतात. आपल्या उदाहरणात Δ = 16 + 48 = 64, आणि −64/8 = −8. किंमत घालण्याची गरज पडली नाही.

3. विवेचक धन, शून्य की ऋण, यावरून मुळांची संख्या ठरते हे माहीत आहे. पण आलेखात ते का घडतं?

कारण शिरोबिंदू X-अक्षाच्या कुठल्या बाजूला आहे ते Δ सांगतो. a धन आहे असं धरा. Δ धन असेल तर −Δ/4a ऋण, म्हणजे शिरोबिंदू X-अक्षाच्या खाली. हात मात्र वर जाणार आहेत, त्यामुळे दोन्ही हातांना X-अक्ष ओलांडावाच लागतो. Δ = 0 असेल तर शिरोबिंदू नेमका X-अक्षावर बसतो आणि वक्र तिथे नुसता टेकतो. Δ ऋण असेल तर शिरोबिंदू आधीच वर आहे आणि हात आणखी वर जातात, मग छेद होणार कुठून? a ऋण असेल तर चित्र उलटं होतं, पण युक्तिवाद तोच राहतो.

आपल्या उदाहरणात फक्त c बदलून हे डोळ्यांनी दिसतं. y = 2x² − 4x + c मध्ये c वाढवला की सगळा वक्र आहे तसा सरळ वर सरकतो. अक्ष x = 1 हलत नाही, कारण −b/2a मध्ये c नाहीच. c = −6 ला मुळं −1 आणि 3. c = 0 ला 0 आणि 2. c = 2 ला Δ = 16 − 16 = 0, दोन्ही मुळं 1 वर एकत्र येतात. c = 5 ला Δ = −24, शिरोबिंदू (1, 3), वक्र हवेत.

"समान मुळं" असं दोन मुळांच्या भाषेत का म्हणतात, तेही इथे कळतं. दोन छेदबिंदू एकमेकांकडे सरकत येतात आणि एकाच जागी मिळतात.

4. चिन्ह समजलं. पण Δ = 64 आला, तर त्या 64 ला आलेखात काही अर्थ आहे का? 64 ऐवजी 100 असता तर काय दिसलं असतं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि माझ्या मते या धड्यातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे. चिन्ह पाहून आकडा टाकून द्यायची सवय लागते, पण तो आकडा आलेखात तीन ठिकाणी मोजता येतो.

पहिलं ठिकाण म्हणजे शिरोबिंदूची उंची, −Δ/4a. ते प्रश्न 2 मध्ये झालं.

दुसरं, दोन मुळांमधलं अंतर. सूत्रानुसार मुळं (−b + √Δ)/2a आणि (−b − √Δ)/2a. वजाबाकी केली की b उडून जातो आणि अंतर उरतं √Δ/|a|. आपल्या उदाहरणात √64/2 = 4, आणि −1 पासून 3 पर्यंतचं अंतर 4 च आहे. हेच वेगळ्या शब्दांत सांगायचं तर −b/2a हा अक्ष आहे, आणि ±√Δ/2a म्हणजे अक्षापासून दोन्ही बाजूंना किती चालायचं ते. मुळांचं सूत्र असं वाचलं की ते पाठ करावं लागत नाही: अक्षावर उभे राहा, मग तेवढंच डावीकडे आणि तेवढंच उजवीकडे जा.

तिसरं ठिकाण मला सगळ्यात जास्त आवडतं. वक्र X-अक्षाला ज्या चढाने छेदतो, तो चढ एका मुळाशी +√Δ आणि दुसऱ्या मुळाशी −√Δ असतो. ज्यांनी विकलन शिकलंय त्यांना हे दोन ओळींत पटेल. y चा विकलज 2ax + b. त्यात मूळ x = (−b ± √Δ)/2a ठेवा: −b आणि +b उडतात, ±√Δ उरतो. आपल्या उदाहरणात x = 3 ला 4·3 − 4 = 8, आणि x = −1 ला −4 − 4 = −8. विकलन आलं नसेल तर ताळा करा: x = 3 ला y = 0, x = 3.01 ला y = 2(2.01)² − 8 = 0.0802. म्हणजे x 0.01 ने वाढला तर y सुमारे 0.08 ने, आठपट.

तर a तोच ठेवून Δ 64 चा 100 झाला, तर शिरोबिंदू −8 वरून −12.5 वर जाईल, मुळांमधलं अंतर 4 चं 5 होईल आणि वक्र X-अक्षाला 8 ऐवजी 10 च्या चढाने ओलांडेल. Δ शून्याकडे गेला की हा चढही शून्याकडे जातो, म्हणूनच Δ = 0 ला वक्र X-अक्ष ओलांडत नाही, त्याला स्पर्श करून परततो.

5. आलेख झटपट आणि बरोबर कसा काढायचा? माझा शिरोबिंदू नेहमी टोकदार येतो.

x = −3, −2, −1… असं सुरू करू नका, शिरोबिंदूपासून सुरुवात करा. आपल्या उदाहरणात (1, −8). तिथून t एकक बाजूला गेलं की उंची 2t² ने वाढते, कारण y = 2(x − 1)² − 8. म्हणजे एक एकक बाजूला 2 ने वर, दोन एकक बाजूला 8 ने वर, तीन एकक बाजूला 18 ने वर. बिंदू मिळतात (2, −6), (3, 0), (4, 10), आणि अक्षापलीकडे त्यांचे जोडीदार (0, −6), (−1, 0), (−2, 10). सातही बिंदू जवळजवळ तोंडी झाले.

लक्षात ठेवायला आणखी सोपं: लागोपाठच्या पायऱ्या a च्या 1 पट, 3 पट, 5 पट, 7 पट अशा वाढतात. इथे 2, 6, 10, 14. टेबल बरोबर आहे की नाही, हे या पायऱ्यांवरून लगेच कळतं.

टोक येतं ते पट्टीने बिंदू जोडल्यामुळे. शिरोबिंदूपाशी वक्र क्षणभर आडवा असतो, म्हणून तिथे आधी हलक्या हाताने एक छोटी आडवी रेघ मारा आणि दोन्ही हात तिच्यातून वर न्या. दुसरी नेहमीची चूक म्हणजे हात वर जाता जाता एकदम उभे आणि समांतर काढणं. ते कधीच उभे होत नाहीत, बाजूला सरकतच राहतात.

6. b नेमकं काय करतो? b बदलला की आलेख डावीकडे-उजवीकडे सरकतो ना?

सरकतो, पण नुसता आडवा नाही. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

b चा सरळ अर्थ Y-अक्षावर दिसतो. x शून्याच्या अगदी जवळ असताना x² नगण्य होतो. x = 0.01 ला आपल्या उदाहरणात 2x² फक्त 0.0002 आहे, तर −4x आहे −0.04. म्हणजे तिथे वक्र जवळजवळ y = −4x − 6 या रेषेसारखा वागतो. b म्हणजे वक्र Y-अक्ष ओलांडतो त्या जागचा चढ. b धन असेल तर वक्र डावीकडून उजवीकडे जाताना Y-अक्षावर चढत असतो, ऋण असेल तर उतरत असतो, आणि b = 0 असेल तर शिरोबिंदू Y-अक्षावरच असतो.

आता a आणि c तसेच ठेवून b फिरवला तर? (0, c) हा बिंदू जागचा हलत नाही आणि वक्राचा आकारही तोच राहतो. मग शिरोबिंदू जातो कुठे? −b/2a ला x म्हटलं आणि b काढून टाकला, तर शिरोबिंदूचा मार्ग मिळतो y = c − ax². तो स्वतःच एक उलटा पॅराबोला आहे! आपल्या a = 2, c = −6 साठी तो y = −6 − 2x². b = −4 ला शिरोबिंदू (1, −8), आणि −6 − 2 = −8, बरोबर. b = 8 घ्या, शिरोबिंदू (−2, −14) वर जातो. जिओजेब्रासारख्या साधनात स्लायडर लावून b हलवला की हे स्पष्ट दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, जरूर करून पाहा.

7. a मोठा म्हणजे वक्र अरुंद, a लहान म्हणजे पसरट. इतकंच ना?

शिरोबिंदू जागेवर धरून ठेवला असेल तर इतकंच. y = 2(x − 1)² − 8 मध्ये 2 चा 5 केला तर शिरोबिंदू तिथेच राहतो आणि हात जवळ येतात. पण y = 2x² − 4x − 6 या रूपात 2 बदलून b आणि c तसेच ठेवले, तर शिरोबिंदूही हलतो. a = 1 ला तो (2, −10) वर जातो. तेव्हा स्थिर राहतात त्या दोनच गोष्टी: (0, −6) हा बिंदू आणि तिथला −4 हा चढ. म्हणून "a फक्त रुंदी बदलतो" हे वाक्य कुठल्या रूपाबद्दल म्हणताय ते सांगितल्याशिवाय अर्धवट आहे.

एक गंमत. y = x² आणि y = 2x² हे वेगळ्या आकाराचे वक्र वाटतात, पण ते समरूप आहेत. y = 2x² चं चित्र दोन्ही दिशांनी दुप्पट मोठं केलं की (1, 2) जातो (2, 4) वर, (3, 18) जातो (6, 36) वर, आणि हे सगळे बिंदू y = x² वर आहेत. सगळी वर्तुळं एकमेकांशी समरूप असतात तसेच सगळे पॅराबोलाही. "अरुंद" दिसणारा पॅराबोला म्हणजे फक्त दुरून पाहिलेला पॅराबोला.

8. 2x² − 4x − 6 = 0 ला 2 ने भागून x² − 2x − 3 = 0 केलं, मुळं तीच आली. मग आलेख आणि विवेचक वेगळे का?

कारण भागण्याची मुभा समीकरणाला आहे, आलेखाला नाही. समीकरणात उजवीकडे 0 आहे आणि 0 चा निम्मा 0 च. आलेखात डावीकडे y आहे, उजवी बाजू निम्मी केली की प्रत्येक बिंदूची उंची निम्मी होते. X-अक्षावरच्या बिंदूंची उंची 0 असल्यामुळे ते तेवढे जागेवर राहतात. अक्षही तोच राहतो. शिरोबिंदू मात्र (1, −8) चा (1, −4) होतो.

Δ 64 चा 16 होतो, म्हणजे 2 ने भागल्यावर Δ 2² ने भागला गेला. प्रश्न 4 मधला चढ आठवा: उंच-सखलपणा निम्मा झाला तर चढही निम्मा, 8 चा 4, आणि Δ हा त्या चढाचा वर्ग. मुळांमधलं अंतर मात्र √16/1 = 4, पूर्वीइतकंच.

परीक्षेत "शिरोबिंदू काढा" असताना सोयीसाठी 2 ने भागून (1, −4) लिहिणारे खूप असतात. मुळं काढायला भागा, पण शिरोबिंदू काढायला मूळ रूपाकडे परत या. आणि दोन समीकरणांच्या Δ ची चिन्हं खुशाल पडताळून पाहा, पण आकड्यांची तुलना करायची तर दोघांचे a सारखे आहेत ना ते आधी बघा.

9. टेबलमध्ये y च्या सगळ्या किंमती धन आल्या. मग मुळं नाहीत असं लिहिलं तर चूक का धरली?

टेबल म्हणजे वक्राचे काही ठिपके, पूर्ण वक्र नाही. हे उदाहरण पाहा: y = 5x² − 15x + 11. x = 0, 1, 2, 3 ला y येतो 11, 1, 1, 11. सगळे धन. (1, 1) आणि (2, 1) जोडून तळाला एक सपाट रेघ काढली की मुळं नाहीत असंच वाटतं.

पण Δ = 225 − 220 = 5, धन. शिरोबिंदू x = 1.5 ला आहे, दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये, आणि त्याची उंची −5/20 = −0.25. वक्र त्या फटीत X-अक्षाच्या खाली जाऊन परत वर येतो. मुळांमधलं अंतर √5/5, सुमारे 0.45, मुळं साधारण 1.28 आणि 1.72. पूर्णांकांचं टेबल करणाऱ्याला ती दिसणारच नाहीत.

यातली खूण लक्षात ठेवा: टेबलमध्ये सगळ्यात लहान किंमत लागोपाठ दोनदा आली, तर शिरोबिंदू त्या दोघांच्या मध्ये आहे आणि त्यांच्यापेक्षा खाली आहे. तिथे सपाट रेघ कधीच नसते.

10. आलेख X-अक्षाला टेकलेला दिसतोय. Δ = 0 असं लिहू का?

नुसतं पाहून लिहू नका. y = 2x² − 4x + 1.99 घ्या. Δ = 16 − 15.92 = 0.08. शिरोबिंदूची उंची −0.08/8 = −0.01. एका एककाला 1 सेंटीमीटर असं प्रमाण घेतलं, तर वक्र X-अक्षाच्या खाली एक दशांश मिलिमीटर जातो. पेन्सिलीची रेघ त्याहून जाड असते, त्यामुळे वक्र टेकल्यासारखाच दिसणार.

मुळं मात्र √0.08/2 म्हणजे साधारण 0.14 अंतरावर, कागदावर 1.4 मिलिमीटर. खोली Δ च्या प्रमाणात घटते आणि अंतर √Δ च्या, म्हणून Δ लहान झाला की खोली अंतराच्या कितीतरी आधी दिसेनाशी होते. याच कारणाने आलेखावरून समान मुळाची किंमत वाचणं अवघड जातं. वक्र X-अक्षाला एका बिंदूत नव्हे, छोट्या पट्टीवर चिकटलेला वाटतो. अशा वेळी Δ आकडेमोड करूनच ठरवा.

11. Δ ऋण असताना संमिश्र मुळं येतात. ती आलेखावर कुठेच दिसत नाहीत का?

X-अक्षावर नाही, पण आलेख त्यांची माहिती लपवत नाही. y = 2x² − 4x + 5 घ्या. शिरोबिंदू (1, 3), Δ = −24, मुळं 1 ± i√24/4, म्हणजे साधारण 1 ± 1.22i. वास्तव भाग 1, तो तर अक्षच झाला.

1.22 साठी वक्र शिरोबिंदूपाशी उलटा करा: y = −2(x − 1)² + 3. हा X-अक्षाला छेदतो, आणि ते छेद 1 ± √1.5 म्हणजे 1 ± 1.22 वर येतात. उलट्या वक्राची वास्तव मुळं अक्षापासून जितकी दूर, तितकाच मूळ वक्राच्या संमिश्र मुळांचा काल्पनिक भाग. दोन्हीत √|Δ|/2a हीच लांबी आहे. काल्पनिक भाग मोठा असेल, तर a तोच असताना वक्र X-अक्षापासून तितका उंच.

12. मुळं नसतील तर अक्ष कसा शोधायचा? मी नेहमी मुळांचा मध्य काढतो.

मुळांचा मध्य चालतो, कारण ती एकाच उंचीवर (शून्यावर) आहेत. पण उंची शून्यच असली पाहिजे असं कुठे आहे? कुठल्याही एकाच उंचीवरचे दोन बिंदू घ्या आणि त्यांच्या x चा मध्य काढा. सगळ्यात फुकटचा बिंदू (0, c). 2x² − 4x + 5 = 5 सोडवा: 2x(x − 2) = 0, x = 0 किंवा 2. मध्य 1. विवेचक लागला नाही, वर्गमूळ लागलं नाही.

13. नुसतं चित्र दिलंय: शिरोबिंदू (−2, 9), वक्र (1, 0) मधून जातो. a, b, c आणि Δ काढता येईल का?

येईल, आणि बहुतेक पाहूनच. शिरोबिंदूपासून (1, 0) पर्यंत 3 एकक उजवीकडे आणि 9 एकक खाली. a·3² = −9, म्हणून a = −1. अक्ष x = −2 आहे, तेव्हा दुसरं मूळ अक्षाच्या पलीकडे 3 वर: −5. मुळांमधलं अंतर 6, आणि ते √Δ/|a| असल्यामुळे √Δ = 6, Δ = 36. शिरोबिंदूवरून ताळा: −Δ/4a = 36/4 = 9, बरोबर. y = −(x + 2)² + 9 = −x² − 4x + 5.

फक्त चिन्हं विचारली असतील तर: हात खाली, म्हणून a ऋण. Y-अक्षावर वक्र 5 वर, म्हणून c धन. आणि तिथे तो उतरतोय, म्हणून b ऋण. b च्या चिन्हासाठी "शिरोबिंदू डावीकडे असेल तर a आणि b ची चिन्हं सारखी" असा नियमही सांगतात. तो बरोबर आहे, पण मला Y-अक्षावरचा चढ बघणं जास्त भरवशाचं वाटतं (प्रश्न 6).

14. Δ पूर्ण वर्ग आहे की नाही, हे आलेखावरून कळतं का?

नाही. सहगुणक परिमेय असतील, तर Δ परिमेय संख्येचा वर्ग असताना मुळं परिमेय येतात, नाहीतर अपरिमेय. पण आलेखावर 1.4 आणि √2 मध्ये डोळ्याला दिसेल असा फरक नाही. हे काम बीजगणिताचं.

15. a = 0 झाला तर वर्गसमीकरणच राहत नाही, हे ठीक. पण a अगदी लहान असेल, समजा 0.01, तर मुळांचं काय होतं?

b = −4, c = −6 तेच ठेवू. a = 0 असता तर −4x − 6 = 0, एकच मूळ −1.5. आता a = 0.01: Δ = 16 + 0.24 = 16.24, √Δ ≈ 4.02989. मुळं येतात (4 + 4.02989)/0.02 ≈ 401.49 आणि (4 − 4.02989)/0.02 ≈ −1.494. एक मूळ रेषेच्या मुळाला चिकटून आहे, दुसरं चारशेच्या पलीकडे. a आणखी लहान करा, ते आणखी दूर पळतं. a = 0 ला दुसरं मूळ "नाहीसं होतं" ते असं. Y-अक्षाच्या आसपास पाहिलं तर वक्र सरळ रेषाच वाटते. शिरोबिंदू (200, −406) वर आहे, तुमच्या आलेखाच्या कागदाबाहेर.

इथे आकडेमोडीत एक खड्डा आहे. कुणी √Δ दोनच दशांश स्थळांपर्यंत, म्हणजे 4.03 घेतला, तर दुसरं मूळ (4 − 4.03)/0.02 = −1.5 येतं आणि तिसरा अंक हातचा गेला. जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी करून तिला 0.02 ने भागलं, की छोटी चूक पन्नासपट होते. त्यावर उपाय असा: आधी मोठं मूळ काढा, तिथे बेरीज असल्यामुळे धोका नाही. मग मुळांचा गुणाकार c/a असतो हे वापरा. −6/0.01 = −600, आणि −600/401.49 ≈ −1.4944. 4.03 वापरून मोठं मूळ 401.5 घेतलं असतं, तरीही उत्तर −1.4944 च आलं असतं.